रुग्णालयातल्या सहकाऱ्याला चार ओळी: आधी मराठीत, मग इंग्रजीत

आमच्या टीममध्ये वयाने आणि अनुभवाने सगळ्यात मोठ्या असलेल्या एक बाई आहेत. त्यांना सगळे ताई म्हणतात. एका सोमवारी त्या कामावर आल्या नाहीत. मंगळवारी त्यांचं ऑपरेशन झालं आणि त्याच दिवशी आम्हाला कळलं. टीममधल्या दोघातिघांना मराठी वाचता येत नाही, आमच्या मॅनेजरनाही येत नाही. त्यामुळे दोन मजकूर लिहायचे होते: एक माझा स्वतःचा, मराठीत, त्यांच्या फोनवर, दुसरा सगळ्यांच्या वतीने, इंग्रजीत. टीममध्ये नवीनच आलेल्या एका मुलीने दोन्हींचा कच्चा मसुदा करून मला दाखवला. ते दोन मसुदे आम्ही कसे बदलत गेलो, तेच इथे क्रमाने सांगते. असं काही पहिल्यांदाच लिहायला बसला असाल, तर हाच क्रम धरून जा.

पहिला मराठी मसुदा असा होता:

“आदरणीय ताई, तुम्ही हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाल्याचे ऐकून खूप धक्का बसला. अचानक असं काय झालं? ऑपरेशन कसं झालं? आता तब्येत कशी आहे? कामाची अजिबात चिंता करू नका. काहीही लागलं तर हक्काने सांगा. लवकर बरे व्हा आणि लवकर ऑफिसला या, आम्ही सगळे तुमची वाट पाहत आहोत.”

यात एकही शब्द वाईट हेतूने लिहिलेला नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी हाच मजकूर पाठवलेला असतो. पण मी स्वतः एकदा नऊ दिवस रुग्णालयात होते आणि असे तीस-पस्तीस मेसेज खाटेवर पडून वाचले आहेत. हाताला सलाइन लावलेलं असतं, औषधांची गुंगी असते आणि फोन एका हाताने धरावा लागतो. त्या अवस्थेत प्रत्येक प्रश्नचिन्ह म्हणजे अंगावर आलेलं एक काम वाटतं. उत्तर दिलं नाही तर समोरच्याला वाईट वाटेल, ही टोचणी मनात राहते. म्हणून मसुदा हातात आला की पहिली पायरी एकच, त्यात काय काय मागितलं आहे ते मोजायचं.

पायरी पहिली: मागण्या मोजा

वरच्या मजकुरात तीन प्रश्न आहेत आणि पाच आज्ञार्थी क्रियापदं: करू नका, सांगा, व्हा, या, आणि न लिहिलेलं पण प्रश्नांतून ऐकू येणारं “कळवा”. सात वाक्यांत आठ मागण्या. प्रश्न तर सगळेच काढून टाका. तब्येतीची चौकशी करायची असेल तर घरच्या माणसाला किंवा ज्याच्याकडून तुम्हाला बातमी कळली त्याला विचारा. आजारी माणसाला विचारू नका. आज्ञार्थी क्रियापदांपैकी एखादं राहिलं तर चालेल, आणि तेही विश्रांतीचं.

“धक्का बसला” हेही तिथून हलवा. त्यात आपली अवस्था सांगितली जाते आणि मग आजारी माणूसच आपली समजूत काढू लागतो: “अहो, एवढं काही नाही, काळजी करू नका.” मी हे वाक्य त्या नऊ दिवसांत किती जणांना पाठवलं, याचा हिशेब नाही.

“काहीही लागलं तर हक्काने सांगा” या वाक्यावर आमची बरीच चर्चा झाली. त्या मुलीला ते काढवेना, कारण “हक्काने” या शब्दात आपुलकी आहे. ती आहेच. पण “काहीही” म्हणजे नेमकं काय, हे आजारी माणसाने ठरवायचं, मग कोणाला सांगायचं ते ठरवायचं आणि मग संकोच सोडून सांगायचं, अशा तीन गोष्टी त्याच्या माथी येतात. त्यातलं प्रत्यक्षात कोणी काही सांगत नाही. त्याऐवजी आपण खरोखर करू शकतो अशी एकच गोष्ट, दिवस आणि वेळ सांगून लिहायची, आणि होकार-नकार घरच्यांवर सोपवायचा. ताईंची लेक दिवसभर त्यांच्यापाशी असते, हे आम्हाला माहीत होतं. म्हणून शनिवारी दुपारी दोन तास मी बसते, म्हणजे लेकीला घरी जाऊन येता येईल, असं ठरलं. करता येण्यासारखं काहीच नसेल तर ही ओळ सरळ गाळा. खोटी तयारी दाखवण्यापेक्षा ते बरं.

पायरी दुसरी: कामाबद्दल एक ओळ, पण मोजून मापून

“कामाची चिंता करू नका” असं म्हटल्याने कोणाची चिंता जात नाही. चिंता जाते ती काय झालं आहे ते कळल्यावर. ताई महिनाअखेरची बिलं तपासतात आणि त्यांचं ऑपरेशन नेमकं महिनाअखेरीलाच आलं. त्यांच्या डोक्यात ते असणारच. तेव्हा बिलं कोणी हातात घेतली आहेत, हे एका ओळीत लिहिलं की त्या निवांत झोपतील.

इथे दोन बाजूंनी तोल जातो. “तुमच्याशिवाय सगळं अडलंय” असं लिहिलं तर त्या उठून बसतील. “तुमच्याशिवायही सगळं सुरळीत चाललंय” असं लिहिलं तर मनात येईल की आपली गरजच नाही. या दोन्हींच्या मधली वाट त्यांच्याच कामातून निघाली. ताईंनी प्रत्येक पुरवठादाराच्या बारीकसारीक गोष्टी एका वहीत लिहून ठेवल्या आहेत. “तुमची वही समोर आहे, त्यामुळे कुठे अडलेलं नाही” हे वाक्य खरंही होतं आणि त्यात त्यांचा हातही दिसत होता. तुमच्या सहकाऱ्याची अशी एखादी गोष्ट शोधा: त्याने लावून दिलेली पद्धत, जपून ठेवलेली यादी, शिकवलेला माणूस. सापडली नाही तर “अमुक काम मी पाहते आहे” एवढंही पुरेसं आहे. कामाबद्दलचा प्रश्न मात्र या मजकुरात कधीही नको, अगदी “फक्त एक पासवर्ड कुठे आहे” एवढाही नको. तो विचारायचाच झाला तर दुसऱ्या दिवशी, वेगळा, आणि मॅनेजरमार्फत.

पायरी तिसरी: पहिली ओळ कुलूप लावलेल्या पडद्यासाठी

फोन लॉक असताना मेसेज आला की पडद्यावर पहिली ओळ दिसते. खाटेशेजारी फोन पडलेला असतो, भेटायला आलेले लोक असतात. “ऑपरेशन झाल्याचं कळलं” ही पहिली ओळ असेल तर ती कोणीही वाचू शकतं. ताईंनी ऑपरेशनबद्दल फक्त मॅनेजरना आणि आम्हा दोघींना सांगितलं होतं. बाकीच्यांना त्या रुग्णालयात आहेत एवढंच माहीत होतं. म्हणून पहिल्या ओळीत आजाराचं नाव, ऑपरेशन, तपासण्या यांतलं काही घातलं नाही. आणि जिथे एकाहून अधिक लोक वाचणार आहेत, त्या मजकुरात तर हे कुठल्याच ओळीत येता कामा नये. सहकाऱ्याने स्वतः सगळ्यांना सांगितलं असेल तेवढंच आपण बोलायचं.

पायरी चौथी: शब्दांचा बारीक विचार

आता मराठीची खास गोष्ट. “लवकर बरे व्हा” हे आपल्या इतकं तोंडात बसलं आहे की त्यातलं “लवकर” आपल्याला ऐकूच येत नाही. चार दिवसांत घरी जाणाऱ्या माणसाला ते टोचत नाही. पण ज्याला महिना-दोन महिने लागणार आहेत, त्याला तो शब्द घाई केल्यासारखा लागतो. मी त्याजागी “लागेल तेवढा वेळ लागू दे” असं लिहिते. औपचारिक कार्डावर लिहायचं असेल तर “प्रकृतीस आराम पडो” हा जुना आणि चांगला वाक्प्रचार आहे. त्यात “पडो” असल्यामुळे ती इच्छा राहते, हुकूम होत नाही.

बाईंना लिहिताना “बऱ्या व्हा” की “बरे व्हा”, हा प्रश्नही त्या मुलीने विचारला. ताईंना “तुम्ही बऱ्या व्हा” असंच लिहायचं. छापील कार्डांवर सरसकट “बरे” असतं म्हणून ते सगळ्यांना चालतं असं नाही. आणि लिहिणाऱ्याचं लिंग तर मराठीत कितीतरी क्रियापदांत उतरतं. मी लिहिलेला मजकूर आमच्या एका सहकाऱ्याने एकदा जसाच्या तसा पुढे पाठवला होता, त्यात “मी येते”, “मी पाहते आहे” तसंच राहिलं. ज्यांना तो मिळाला त्यांना लगेच कळलं की हा उसना मजकूर आहे. कोणाचा मजकूर घेतलात तर निदान क्रियापदं आपली करून घ्या.

“आम्ही” आणि “आपण” यांतला फरक याहून नाजूक आहे. “आम्ही सगळे तुमची वाट पाहत आहोत” यात आम्ही एका बाजूला आणि ताई दुसऱ्या बाजूला. माणूस आठवडाभर एका खोलीत पडून असतो तेव्हा हे अंतर त्याला जाणवतं. “आपल्या टीममधल्या सगळ्यांना तुमची आठवण येते” असं लिहिलं की त्या टीमच्या आत राहतात. मात्र “आपण” हे आदरार्थी “तुम्ही” म्हणूनही वापरलं जातं. तेव्हा “आपण सगळे भेटू” चालेल, पण “आपण बरे झाल्यावर” असं लिहिलं तर कोण बरं झाल्यावर, असा क्षणभर घोटाळा होतो. एका मजकुरात “आपण”चा एकच अर्थ ठेवा.

“बरं वाटतं” असं बोलीतलं लिहावं की “बरे वाटते” असं? तुम्ही त्या व्यक्तीशी जसं बोलता तसं. फक्त एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच ठेवा. पहिल्या मसुद्यात “झाल्याचे ऐकून” आणि “असं काय झालं” शेजारी शेजारी बसले होते, आणि सुरुवातीला “आदरणीय” होतं. रोज समोरासमोर बसून चहा घेणाऱ्या माणसाने अचानक “आदरणीय” म्हटलं तर आजार फारच गंभीर आहे की काय, असं वाटतं. ताईंना ताईच म्हणायचं.

शक्यतो देवनागरीत लिहा. रोमन लिपीतलं मराठी वाचताना प्रत्येक शब्द मनात जुळवावा लागतो, आणि थकलेल्या डोळ्यांना ते जड जातं.

एवढं सगळं करून बुधवारी संध्याकाळी तयार झालेला मजकूर हा:

“ताई, काल तुमच्याबद्दल कळलं आणि तेव्हापासून मन तुमच्यापाशीच आहे.
आता फक्त विश्रांती घ्या, लागेल तेवढा वेळ लागू दे.
महिनाअखेरची बिलं मी तपासायला घेतली आहेत. तुमची वही समोर आहे, त्यामुळे कुठे अडलेलं नाही.
शनिवारी दुपारी दोन तास मी तुमच्यापाशी बसू शकते, म्हणजे लेकीला घरी जाऊन येता येईल. चालेल का ते मी तिलाच विचारते, तुम्ही काही ठरवायला नको.
या मेसेजला उत्तर नको.”

प्रश्नचिन्ह एकही नाही. आज्ञार्थी क्रियापद एकच, “घ्या”. शेवटची ओळ काहींना तुटक वाटेल; “उत्तर द्यायची अजिबात गरज नाही” असं थोडं मऊ करून लिहिलं तरी चालेल, पण ती ओळ काढू नका. माझ्या अनुभवात सगळ्या मजकुरात तिचाच सगळ्यात जास्त आधार होतो. मजकूर आम्ही गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला पाठवला. “काल” मग बदलून “परवा” करावं लागलं. पाठवण्याआधी दिवसांचे शब्द एकदा तपासा. रात्री पाठवू नका, कारण रुग्णालयात झोप आधीच तुटक असते. आणि ऑपरेशनच्या दिवशी तर पाठवूच नका.

पायरी पाचवी: इंग्रजीत नेताना वाक्यं सोडा, काम धरा

त्या मुलीने मराठी मजकूर समोर ठेवून इंग्रजी केला तो असा:

```
Dear Sister,
I came to know about you yesterday and since then
my mind is near you only.
Now take rest only, let it take the time it takes.
I have taken the month-end bills for checking.
Your notebook is in front so nothing is stuck.
No reply to this message.
```

शब्द सगळे बरोबर आहेत, पण मराठी येत नसलेल्या माणसाने वाचलं तर तो पहिल्याच शब्दाला अडखळेल. म्हणून इंग्रजी करताना मराठी मजकूर मिटून ठेवायचा आणि प्रत्येक ओळ कोणतं काम करत होती ते बाजूला एका शब्दात लिहायचं. आमच्या पाच ओळींची कामं अशी होती: आठवण, मोकळीक, दिलासा, मदत, सुटका. आता ही पाच कामं इंग्रजी माणूस कशी करतो, एवढाच प्रश्न उरतो.

संबोधनापासून सुरुवात करू. “ताई” म्हणजे “सिस्टर” नव्हे. रुग्णालयात तर “सिस्टर” म्हणजे नर्स. मराठीत वडीलधाऱ्यांना नातं लावून हाक मारतात, इंग्रजीत कामाच्या ठिकाणी ते चालत नाही. दोनच पर्याय उरतात: त्यांचं पहिलं नाव किंवा “ताई” हाच शब्द विशेषनामासारखा रोमन लिपीत. आमच्या मॅनेजरसकट सगळे त्यांना ताईच म्हणतात, त्यामुळे आम्ही तो शब्द ठेवला. तुमच्याकडे अमराठी सहकारी नावाने हाक मारत असतील तर नाव घाला. सह्या करणाऱ्या सगळ्यांच्या तोंडी जे असेल ते योग्य.

मग येतो आदर. मराठीत तो “तुम्ही” आणि “घ्या” यांत आपोआप येतो. इंग्रजीत “यू” एकच, थोरामोठ्यालाही तेच आणि मित्रालाही तेच. नुसतं “टेक रेस्ट” लिहिलं तर ते “विश्रांती घे” इतकंच उरतं, आणि तो शब्दप्रयोगही सगळीकडे चालणारा नाही. मराठीतून नेताना गळलेला आदर इंग्रजीत “प्लीज”ने परत आणायचा, आणि “हवा तेवढा वेळ घ्या” अशा मोकळीक देणाऱ्या वाक्याने. मात्र “प्लीज” एकदाच. तीनदा आला की विनवणी वाटते.

“मन तुमच्यापाशी आहे” याचं भाषांतर होत नाही. हेच काम इंग्रजीत “तुम्ही आमच्या विचारांत आहात” अशा वाक्याने होतं. “ऐकून वाईट वाटलं” असं तुमच्या मजकुरात असेल तर “फेल्ट बॅड” लिहू नका. त्याचा अर्थ अपराधी वाटलं असा होऊ शकतो. तिथे “सॉरी टू हिअर” हा रूढ शब्दप्रयोग आहे. “काळजी घ्या”चंही असंच आहे. मराठीत त्यात माया आहे, पण “टेक केअर” हे इंग्रजीत निरोप घेताना सहज म्हटलं जातं, त्यामुळे आजारी माणसाच्या मजकुरात तेवढ्यावर भागवू नका. “गेट वेल सून” हे मात्र साचेबंद असलं तरी छोट्या दुखण्यासाठी ठीक आहे. इंग्रजी वाचकाला त्यातला “सून” आपल्या “लवकर”इतकाच कमी ऐकू येतो. दुखणं लांबणार असेल तर दोन्ही भाषांत तो शब्द गाळा.

“वाट पाहतोय” याचं “वेटिंग फॉर यू” करू नका. मराठीतली ओढ त्यात उतरत नाही, उलट खोळंबा झाल्यासारखं वाटतं. भेटीची इच्छा सांगायचीच असेल तर “तुमची तयारी होईल तेव्हा” ही अट जोडून सांगा.

आणि “आम्ही-आपण”चा जो फरक आपण एवढा जपला तो इंग्रजीत “वी” या एकाच शब्दात बुडतो. वाचणाऱ्याला टीमच्या आत ठेवायचं असेल तर ते शेवटच्या ओळीत करा, म्हणजे “टीममधल्या आपण सर्वांकडून” अशा अर्थाची सही. तिथे नुसतं “द टीम” लिहिलं की ताई पुन्हा बाहेर पडतात.

शनिवारच्या मदतीची ओळ इंग्रजीत घेतली नाही. ती माझी एकटीची होती. सगळ्यांच्या मजकुरात ती आली असती तर कोण येणार, किती जण येणार, हा प्रश्न ताईंच्या लेकीपुढे उभा राहिला असता. बिलांच्या ओळीतही “मी” बदलून “आमच्यातले दोघं” झालं, कारण तोपर्यंत ती मुलगीही माझ्यासोबत बसून बिलं तपासत होती. रुग्णालयाचा उल्लेख ठेवला, कारण ते सगळ्यांना माहीत होतं, ऑपरेशनचा नाही. शेवटचा मजकूर असा झाला:

```
Dear Tai,
We heard that you are in hospital, and you have been
in our thoughts since.
Please rest, and take all the time you need.
Two of us are checking the month-end invoices. Your
notes are so clear that we have not been stuck once.
There is no need to reply.
With warm wishes from all of us on your team
```

“इन हॉस्पिटल” की “इन द हॉस्पिटल”, यावर आमच्याकडे वाद झाला. ब्रिटिश पद्धतीत “द” येत नाही, अमेरिकन पद्धतीत येतो, दोन्ही बरोबर. ऑफिसच्या बाकीच्या पत्रांत जी पद्धत असेल ती ठेवा. “ॲडमिट झालात” याचं “गॉट ॲडमिटेड” करण्यापेक्षा हे साधं वाक्य चांगलं. आणि आपण ज्यांना बिलं म्हणतो ती पुरवठादारांकडून आलेली असतील तर इंग्रजीत “इनव्हॉइस” हा शब्द जास्त नेमका.

पायरी सहावी: दुसऱ्याकडून वाचून घ्या

इंग्रजी मजकूर आम्ही मराठी न येणाऱ्या एका सहकाऱ्याला वाचायला दिला आणि एकच विचारलं, “हे वाचून ताईंना काय काय करावं लागेल?” तो म्हणाला, “झोप काढावी लागेल.” मग तो पाठवला. उत्तरात “फोन करावा लागेल” किंवा “कधी येणार ते सांगावं लागेल” असं काही आलं तर मजकुरात अजून मागणी शिल्लक आहे. मराठी मजकूर मी स्वतः मोठ्याने वाचून पाहिला. जिथे श्वास अडला तिथे वाक्य तोडलं.

माणूस बदलला की काय बदलायचं

बरोबरीच्या मित्राला “तू” म्हणत असाल तर मराठीत सगळंच सैल होईल, आणि इंग्रजीत फक्त “प्लीज” काढला की काम झालं. हाताखालच्या माणसाला वरिष्ठ लिहीत असेल, तर त्याच्या शब्दाला वेगळं वजन असतं. त्याने बाकी काही न लिहिता “रजेचं सगळं मी पाहतो, त्याचा विचार करू नका” एवढं लिहिलं तरी मोठा भार उतरतो. पण तेवढं प्रत्यक्ष करून मगच लिहावं. परत येण्याच्या तारखेचा उल्लेख वरिष्ठाने तर कुठल्याही रूपात करू नये. “पुढच्या महिन्यात भेटूच” हे प्रेमाने लिहिलेलं वाक्यही मुदत ठरवल्यासारखं वाचलं जातं.

दुखणं गंभीर असेल, बरं होण्याचीच खात्री नसेल, तेव्हा दोन्ही भाषांतून बरं होण्याबद्दलचं सगळं काढून टाका. “सगळं ठीक होईल” असंही नको, कारण ते आपल्याला माहीत नसतं आणि त्या माणसाला ते कळतं. प्रार्थनेचा उल्लेख फक्त तो माणूस स्वतः तशी भाषा वापरत असेल तरच करा. दुसऱ्या कोणाच्या आजाराच्या गोष्टी, उपाय, डॉक्टरांची नावं यांतलं काहीही घालू नका. अशा वेळी मराठीत “आज तुमची आठवण आली” आणि इंग्रजीत त्याच अर्थाचं “थिंकिंग ऑफ यू टुडे” एवढं एकच वाक्य पुरतं. ते दर आठ-दहा दिवसांनी पुन्हा पाठवता येतं. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचे मेसेज येतात, तिसऱ्या आठवड्यात कोणाचाच येत नाही. तेव्हा आलेली एक ओळ माणूस दोनदा वाचतो.

ताईंकडून उत्तर आलं नाही, आणि ते यायलाही नको होतं. शुक्रवारी त्यांच्या लेकीने कळवलं की शनिवारी दुपारी चार ते सहा चालेल. मी गेले तेव्हा ताई झोपल्या होत्या. आठवड्याने त्या घरी गेल्यावर मी दुसरा मेसेज पाठवला: “ताई, घरी पोचल्याचं कळलं, बरं वाटलं. बिलं मंगळवारी गेली. उत्तर नको.” इंग्रजीतला दुसरा मजकूर त्या नवीन मुलीने एकटीने लिहिला. त्यात एकही प्रश्न नव्हता.